दुधाच्या बिलाची पावती मुंबईत बसून कशी तपासायची: फॅटचा दर, पेंडेची उचल आणि संस्थेच्या कपाती

गावाला आई-वडील किंवा सासू-सासरे डेअरीला दूध घालतात आणि दर दहा दिवसांनी बिलाच्या पावतीचा फोटो मुंबईतल्या मुलाच्या किंवा सुनेच्या मोबाईलवर येतो, असं चित्र आमच्या भांडुपच्या चाळीत घरोघरी आहे. फोटोखाली प्रश्न ठरलेला असतो, "बघ जरा, एवढंच कसं आलं?" माझ्या सासूबाई पाटण तालुक्यातल्या गावी एका गाईचं दूध घालतात आणि त्यांच्या बिलाचा हिशोब गेली काही वर्षं मी बघते. पावतीवर पंधरा-वीस आकडे असतात. नेमके कुठले तपासायचे आणि कुठल्या क्रमाने, ते इथे लिहिते. पहिल्यांदाच हे काम हातात घेणाऱ्या मंडळींनी एक पावती समोर ठेवूनच वाचावं.

उदाहरणात मी ११ ते २० तारखेचं एका गाईचं बिल घेतलं आहे. दर, पोत्याची किंमत आणि कपाती नमुन्याच्या आहेत आणि हिशोब सोपा जावा म्हणून रोजचं दूध सारखं धरलं आहे. तुमच्या दूध संस्थेचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच राहील.

१. आधी ही कागदं जमवा

नुसत्या बिलावरून काहीही तपासता येत नाही, कारण बिलात फक्त बेरजा असतात. सोबत हे लागतं:

- त्या दहा दिवसांच्या रोजच्या चिठ्ठ्या किंवा मोबाईलवर आलेले संदेश, सकाळचे आणि संध्याकाळचे
- त्या काळात लागू असलेलं दरपत्रक, म्हणजे फॅट आणि एसएनएफचा तक्ता
- पेंडेच्या पोत्यांच्या पावत्या
- मागचं बिल

यातलं दरपत्रक मिळवायला सगळ्यात त्रास होतो. ते संस्थेच्या भिंतीवर लावलेलं असतं, म्हणून गावातल्या एखाद्या पोराला फोटो काढून पाठवायला सांगा. फोटोत 'या तारखेपासून लागू' ही ओळ आलीच पाहिजे. दर मध्येच बदलला असेल तर एकाच बिलात दोन तक्ते चालतात आणि जुन्या तक्त्यावर केलेला तुमचा सगळा हिशोब वाया जातो.

रोजच्या चिठ्ठ्यांसाठी आमच्याकडे साधी सोय आहे. गोठ्यातल्या खिळ्याला त्या टोचून ठेवायच्या आणि बिल आलं की एकत्र फोटो काढायचा. थर्मल कागदावरची छपाई महिन्या-दीड महिन्यात उडते, त्यामुळे मूळ चिठ्ठ्या सांभाळण्यापेक्षा फोटो वेळेवर काढलेला बरा.

२. पावतीचा माथा वाचा

सभासद क्रमांक, नाव, कालावधी आणि जनावराचा प्रकार या चार गोष्टी वर असतात. मशीनवर गाईला C आणि म्हशीला B अशी खूण असते. घरी दोन्ही जनावरं असतील तर प्रत्येक चिठ्ठीवर ही खूण बघा. म्हशीचं दूध चुकून C खाली गेलं की त्या वेळेचा दर गाईच्या तक्त्यावरून निघतो.

कालावधीचं एक लक्षात ठेवा. दहा दिवसांचं बिल म्हटलं तरी महिन्याचं तिसरं बिल २१ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत असतं. ते कधी दहा दिवसांचं, कधी अकरा आणि फेब्रुवारीत आठ-नऊ दिवसांचं येतं. त्यामुळे "मागच्या वेळेपेक्षा कमी आलं" असा फोन आला की आधी दिवस मोजा.

३. लिटर जुळवा

चिठ्ठ्यांवरच्या लिटरची बेरीज बिलाच्या लिटरशी जुळली पाहिजे. दहा दिवसांच्या वीस वेळा होतात. आमच्या उदाहरणात सकाळी साडेचार लिटर आणि संध्याकाळी साडेतीन, म्हणजे दहा दिवसांचे ८० लिटर.

बेरीज जुळत नसेल तर बहुतेकदा एखादी वेळ अजिबात चढलेली नसते. लाईट गेली, मशीन बंद पडलं आणि वहीत हाताने लिहिलेलं दूध नंतर संगणकात घालायचं राहिलं, असं पावसाळ्यात होतं. अशा दिवशी घरच्यांनी वहीतल्या नोंदीचा फोटो तिथेच काढून ठेवावा.

आता काट्याचं. बहुतेक ठिकाणी दूध किलोत तोललं जातं आणि मग लिटरमध्ये बदललं जातं. दूध पाण्यापेक्षा जड असल्याने एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. म्हणून काट्यावर ४.६३ दिसलं आणि चिठ्ठीवर ४.५० आलं तर कुणी दूध मारलं असा त्याचा अर्थ नाही. काटा किती बारीक मोजतो हे मात्र जरूर विचारा. दहा ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यात नुकसान नगण्य असतं. शंभर ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा आणि वरचे ग्रॅम सोडून देणारा काटा असेल तर दर वेळी सरासरी पन्नास ग्रॅम दूध जातं. वीस वेळांचं ते जवळपास एक लिटर होतं. काट्यावर वैधमापन विभागाच्या पडताळणीचा शिक्का असतो आणि ही पडताळणी दरवर्षी करावी लागते. शिक्क्याची तारीख बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

४. दर: जाहीर झालेला आणि तुम्हाला लागलेला

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. बातमीत किंवा फलकावर 'गाईच्या दुधाला ३२ रुपये' असं लिहिलेलं असतं आणि बिलात तीस, एकतीस, तेहतीस असं काहीही दिसतं. कारण ३२ हा दर एका ठरलेल्या प्रतीच्या दुधाचा असतो. गाईसाठी ती प्रत बहुतेक ठिकाणी ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ अशी धरतात, म्हशीसाठी ६.० आणि ९.०.

फॅट म्हणजे दुधातला स्निग्धांश. एसएनएफ म्हणजे पाणी आणि स्निग्धांश वगळून उरलेलं सगळं: प्रथिनं, दुधातली साखर, क्षार. तुमच्या मुंबईतल्या घरी येणाऱ्या पिशवीवर हेच दोन आकडे छापलेले असतात. टोन्ड दुधाच्या पिशवीवर ३.० आणि ८.५, फुल क्रीमच्या पिशवीवर ६.० आणि ९.०. डेअरीतलं मशीन तुमच्या सासूबाईंच्या किटलीतल्या दुधाचे तेच दोन आकडे काढतं आणि त्यावरून दर ठरतो.

०.१ च्या फरकाला पॉईंट म्हणतात. तक्त्यात प्रत्येक पॉईंटला पैसे ठरलेले असतात. फॅट ३.५ च्या वर गेली की पॉईंटमागे भर, खाली आली की घट. एसएनएफचंही तसंच. खाली येताना कापल्या जाणाऱ्या पैशांना 'रिव्हर्स दर' म्हणतात आणि सभासदाच्या दृष्टीने तक्त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. जाहीर दर दोन रुपयांनी वाढतो तेव्हा लोक खूश होतात, पण त्याच वेळी रिव्हर्स दर पॉईंटला ३० पैशांवरून एक रुपया झाला असेल तर ८.३ एसएनएफच्या दुधाला त्या दोन रुपयांतले फक्त ६० पैसे मिळतात. म्हणून नवं दरपत्रक आलं की मूळ दराच्या आधी रिव्हर्स दराची ओळ वाचा.

उदाहरणातला तक्ता असा आहे. मूळ दर ३२ रुपये. फॅटचा प्रत्येक पॉईंट ३० पैसे, वर किंवा खाली. एसएनएफ ८.५ वरून ८.३ पर्यंत उतरलं तर पॉईंटला ३० पैसे कपात आणि ८.३ च्या खाली पॉईंटला एक रुपया.

सकाळचं दूध ३.८ फॅट, ८.४ एसएनएफ लागलं. फॅटचे तीन पॉईंट वर, म्हणजे ९० पैसे भर. एसएनएफचा एक पॉईंट खाली, म्हणजे ३० पैसे कपात. दर ३२.६०.

संध्याकाळचं दूध ४.१ आणि ८.५ लागलं. फॅटचे सहा पॉईंट वर, १ रुपया ८० पैसे भर. एसएनएफ बरोबर. दर ३३.८०. संध्याकाळची फॅट बहुतेकदा सकाळपेक्षा जास्त लागते, कारण सकाळची धार आणि संध्याकाळची धार यांतलं अंतर रात्रीच्या अंतरापेक्षा कमी असतं. दूध कमी निघतं पण दाट निघतं.

एका सकाळी मात्र दूध ३.६ आणि ८.१ लागलं. फॅटचे ३० पैसे भर. एसएनएफचे पहिले दोन पॉईंट ६० पैसे, पुढचे दोन पॉईंट दोन रुपये. एकूण २ रुपये ६० पैसे कपात. दर २९.७०. नेहमीच्या सकाळपेक्षा हा दर लिटरला २ रुपये ९० पैशांनी कमी, म्हणजे साडेचार लिटरवर त्या एका वेळेला १३ रुपये ५ पैसे गेले. दहाही सकाळी असं लागलं असतं तर १३० रुपये ५० पैसे गेले असते.

आता बिलाची रक्कम:

- नऊ सकाळी, ४०.५ लिटर, दर ३२.६०: १३२०.३० रुपये
- एक सकाळ, ४.५ लिटर, दर २९.७०: १३३.६५ रुपये
- दहा संध्याकाळी, ३५ लिटर, दर ३३.८०: ११८३.०० रुपये
- एकूण ८० लिटर: २६३६.९५ रुपये

बिलाच्या तळाशी 'सरासरी फॅट ३.९, सरासरी एसएनएफ ८.४' असंही छापलेलं असतं. त्यावरून दर काढून ८० ने गुणलंत तर २६३२ येतील. हा पावणेपाच-पाच रुपयांचा फरक चूक नाही, कारण दर प्रत्येक वेळेच्या दुधाला वेगळा लागतो, सरासरीला नाही. सरासरीवरून भांडायला गेलात तर संस्थेचा माणूस बरोबर ठरेल. तपासायचं असेल तर वेळेवारीच तपासा, आणि सगळ्या वीस वेळा जमत नसतील तर सगळ्यात कमी दराच्या दोन-तीन वेळा तक्त्यावर लावून बघा.

५. आकडा का पडला, हे कसं ओळखायचं

फॅट पडली की एसएनएफ पडलं, हे आधी वेगळं करा. दोन्हीची कारणं निराळी आहेत.

फॅट एकटीच पडली असेल तर धार कशी काढली ते विचारा. कासेतलं सुरुवातीचं दूध पातळ असतं आणि शेवटच्या धारांत सगळ्यात जास्त स्निग्धांश असतो. वासराला शेवटी पाजायला सोडलं की नेमकं तेच दूध वासराच्या पोटात जातं. वासराला उपाशी ठेवा असं मी म्हणत नाही. आमच्याकडे सासूबाई त्याला आधी पान्हा सुटेपर्यंत पाजतात, एक सड त्याच्यासाठी अर्धा राखतात आणि बाकीचे सड पुरते पिळतात. पावसाळ्यात कोवळा हिरवा चारा भरपूर आणि कडबा कमी पडला तरी फॅट उतरते. तेव्हा चाऱ्यात वाळकी वैरण वाढवावी लागते.

एसएनएफ पडलं असेल तर तीन शक्यता बघा. दुधात पाणी गेलं, अगदी किटली धुऊन नीट निथळली नाही तरी. जनावराला पोटभर खायला नाही. किंवा कासेला दगडी झाली आहे. दगडीत दूध अजून नासलेलं दिसत नसतानाही एसएनएफ घसरू शकतं, म्हणून लागोपाठ तीन-चार वेळा ८.२, ८.१ असं दिसलं तर दराचं नंतर बघा, आधी कास तपासून घ्या. बिलाच्या चिठ्ठीने आजार लवकर कळणं हा चिठ्ठ्या बघण्याचा मोठा फायदा आहे.

फॅट आणि एसएनएफ दोन्ही एकदम, एकाच वेळी, गावातल्या बऱ्याच जणांचे पडले असतील तर मशीनकडे बघायचं. नमुन्यात फेस असेल, मशीन नीट धुतलेलं नसेल किंवा किटलीतलं दूध न ढवळता वरवरचा नमुना घेतला असेल तर आकडे चुकतात. शंका असेल तेव्हा त्याच वेळी, तेच दूध ढवळून, पुन्हा लावायला सांगायचं. दूध मोठ्या कॅनमध्ये ओतल्यावर तक्रार करून उपयोग नसतो.

६. पेंडेची उचल: मागची बाकी आणि पुढची बाकी

कपातीच्या रकान्यात सगळ्यात मोठा आकडा पशुखाद्याचा असतो. संस्था पोतं उधारीवर देते आणि दुधाच्या बिलातून पैसे वळते करून घेते. बहुतेक पावत्यांवर मात्र फक्त 'खाद्य कपात १४००' एवढंच ठळक दिसतं. तुम्ही चार आकडे शोधा: मागची बाकी, या काळातली नवी उचल, या बिलातली कपात आणि शिल्लक बाकी.

उदाहरणात मागची बाकी ११०० रुपये होती. १३ तारखेला ५० किलोचं एक पोतं घेतलं, १६५० रुपये. एकूण देणं २७५०. या बिलातून १४०० कापले. शिल्लक बाकी १३५०. पुढच्या बिलावर मागची बाकी म्हणून १३५० हाच आकडा आला पाहिजे. दोन बिलं शेजारी ठेवून हा एक आकडा जुळवला तरी अर्धा हिशोब झाला.

मागच्या वर्षी सासूबाईंचा फोन आला, "अगं, बिलात पोती दोन लागल्यात, माझ्या गोठ्यात तर एकच हाय." पोतं २० तारखेला संध्याकाळी घेतलं होतं. त्या बिलातही ते चढलं आणि २१ पासूनच्या पुढच्या बिलातही. मी दोन्ही बिलांचे आणि पोत्याच्या पावतीचे फोटो सेक्रेटरींना पाठवले आणि फोन केला. "भाऊ, पावती क्रमांक एकच आहे, नोंद दोनदा दिसतेय," एवढंच सांगितलं. त्यांनी वही काढून बघितली आणि पुढच्या बिलात १६५० जमा दाखवले. पावती क्रमांक हातात नसता तर सासूबाईंचा शब्द आणि वहीतली नोंद एवढंच समोरासमोर राहिलं असतं. म्हणून १०, २० आणि महिनाअखेर या तारखांच्या आसपास घेतलेल्या पोत्यांवर खास नजर ठेवा.

पोती मोजायचा आणखी एक ढोबळ आडाखा. आठ लिटरच्या गाईला रोज चार ते साडेचार किलो पेंड धरली तर एक पोतं अकरा-बारा दिवस जातं. तीन महिन्यांत आठच्या आसपास पोती लागतील. बिलांत बारा दिसली तर एक तर नोंद चुकली आहे किंवा पेंड दुसऱ्या जनावरालाही जाते आहे. दोन्ही माहीत असणं बरं.

पोत्याची किंमतही विचारा. रोखीचा आणि उधारीचा भाव वेगळा असू शकतो, वर हमाली आणि भाडं लागलेलं असू शकतं. बाकीवर व्याज आहे का, हेही विचारून ठेवा.

उचलीचा खरा फास गाय आटल्यावर बसतो. व्यायच्या आधी साधारण दोन महिने गाय भाकड ठेवावी लागते. त्या काळात दूध नाही, बिल नाही, पण बाकी आणि पेंड दोन्ही चालूच. आमच्या उदाहरणात बाकी एका बिलात ११०० वरून १३५० झाली, म्हणजे २५० ने वाढली. दहा बिलं असंच चाललं तर बाकी ३६०० होते आणि गाय आटायच्या वेळी ती अंगावर येते. मग संस्था ठेवीतून वळती करते, किंवा गाय व्यायल्यावर पहिल्या दोन-तीन बिलांत जवळजवळ सगळी रक्कम कापते. नेमकं त्याच वेळी घरी खर्च असतो. यावर उपाय एकच. गाय भरपूर दूध देत असतानाच कपात वाढवून घ्यायची, म्हणजे नव्या पोत्याच्या किमतीपेक्षा बिलातली कपात थोडी जास्त ठेवायची. सेक्रेटरींना तसं लिहून दिलं की ते करतात. हातात शंभर-दोनशे कमी येतील. मुंबईहून तेवढे त्या महिन्यात पाठवा, पण बाकी फुगू देऊ नका.

७. संस्थेच्या बाकीच्या कपाती: तुमचे किती, गेलेले किती

उदाहरणातल्या बाकीच्या कपाती अशा:

- दूध ठेव, लिटरला ५० पैसे: ४० रुपये
- शेअर्स (भाग) खाते: २० रुपये
- इमारत निधी, लिटरला १० पैसे: ८ रुपये
- डॉक्टर फी आणि औषध: १५० रुपये

पेंडेचे १४०० धरून एकूण कपात १६१८. बिल २६३६.९५, हातात १०१८.९५. पुष्कळ संस्था पूर्ण रुपयेच देतात, १०१८, आणि ९५ पैसे पुढच्या बिलात 'मागील जमा' म्हणून दाखवतात. ते दिसतात का, तेवढं बघा.

या कपातींत दोन जाती आहेत. ठेव आणि शेअर्स हे पैसे तुमचेच आहेत, फक्त संस्थेकडे आहेत. ठेव कधी परत मिळते, व्याज किती, हे पोटनियमात लिहिलेलं असतं आणि ठेवीचं पासबुक किंवा खातेउतारा मागायचा हक्क सभासदाला आहे. इमारत निधी आणि डॉक्टर फी हा खर्च. तो गेला. डॉक्टर फी किंवा कृत्रिम रेतनाचे पैसे लागले असतील तर त्या तारखेला डॉक्टर खरंच गोठ्यावर आले होते का, एवढं घरी विचारा.

कधी गाय घेण्यासाठी काढलेल्या बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ताही याच रकान्यात असतो. तो संस्थेने कापला म्हणजे बँकेत भरला गेलाच असं धरू नका. कर्जखात्याचा उतारा तीन महिन्यांतून एकदा काढा. कापल्याची आणि भरल्याची तारीख यांत मोठं अंतर पडलं तर बँक व्याज तुमच्याकडूनच घेते.

सरकारी अनुदान या पावतीत शोधू नका. २०२४ मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे आधी ५ आणि ऑक्टोबरपासून ७ रुपये अनुदान दिलं, ते शेतकऱ्याच्या बँक खात्यात परस्पर जमा होणारं होतं आणि त्यासाठी गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक नोंदलेला असावा लागत होता. नवी गाय घेतली की बिल्ला आणि मालकाचं नाव बदलून घेण्याचं काम लगेच करा, योजना आल्यावर रांगेत उभं राहायला नको.

८. दहा दिवसांची खरी कमाई

हातात आलेले १०१८.९५ म्हणजे कमाई नाही. त्यात ठेव आणि शेअर्सचे ६० मिळवा, कारण ते तुमचे आहेत. पेंडेची बाकी २५० ने वाढली, ती वजा करा, कारण ते देणं आहे. उरतात ८२८.९५.

पडताळा दुसऱ्या बाजूने घेता येतो. बिल २६३६.९५, त्यातून या काळातलं पूर्ण पोतं १६५०, इमारत निधी ८ आणि डॉक्टरचे १५० वजा केले की तेच ८२८.९५ येतात. वैरण, पाणी आणि घरच्या माणसाचे कष्ट यात अजून धरलेले नाहीत. मी हा एक आकडा प्रत्येक बिलाखाली वहीत लिहिते. गाय ठेवायची, विकायची की दुसरी घ्यायची, हे बोलणं घरात निघतं तेव्हा हातात आलेल्या रकमेवरून कुणाचंच खरं ठरत नाही, या आकड्यावरून ठरतं.

९. चूक सापडली तर

आधी सेक्रेटरी. फोनवर बोला, पण फोटो आणि पावती क्रमांक सोबत पाठवा. दुरुस्ती जुन्या बिलात होत नाही, पुढच्या बिलात जमा म्हणून येते, तेव्हा ती आली का ते बघा. आदराने आणि आकड्यावर बोट ठेवून बोललं की बहुतेक गोष्टी इथेच मिटतात. सासूबाईंना रोज त्याच माणसासमोर किटली ठेवायची असते, हे आपण मुंबईत बसून विसरू नये.

तिथे मिटलं नाही तर सभासदाच्या सहीने लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज खातं ज्यांच्या नावावर आहे त्यांचाच हवा. मुलाच्या किंवा सुनेच्या नावाने दिलेला अर्ज संस्था बाजूला ठेवू शकते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी बघता येतात आणि ठरलेली फी भरली की एका महिन्यात प्रती मिळायला हव्यात. अर्जात कलमाचा उल्लेख करा आणि नेमकं काय हवं ते लिहा, जसं 'खाद्य खात्याचा अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचा उतारा'.

त्यानंतरची पायरी जिल्ह्यातल्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था (दुग्ध) यांचं कार्यालय. मुंबईत राहणाऱ्यांना वाटतं की वरळीच्या दुग्धव्यवसाय विकास आयुक्तालयात गेलं की काम होईल. एका गावातल्या संस्थेच्या बिलाची तक्रार मात्र जिल्ह्याच्या निबंधक कार्यालयातच द्यायची असते. काट्याची तक्रार असेल तर वैधमापन विभागाकडे.

रिव्हर्स दर, इमारत निधी, ठेवीचं व्याज यांसारखे सगळ्यांचे प्रश्न वार्षिक सभेत मांडा. ही सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. गणपतीला गावी जाणारे चाकरमानी थोडी चौकशी केली तर सभेची तारीख गाठू शकतात. बोलायचा आणि मत द्यायचा हक्क सभासदालाच, तेव्हा सासूबाईंना सोबत घेऊन जा आणि कागद त्यांच्या हातात द्या.

दिवाळीच्या आधी येणारा दर फरक, म्हणजे मागच्या वर्षीच्या दुधावर संस्था देते ती जादा रक्कम, तपासायलाही हीच बिलं लागतात. फरक मागच्या आर्थिक वर्षाच्या एकूण लिटरवर किंवा एकूण बिलाच्या रकमेवर काढतात. एप्रिल ते मार्च अशी ३६ बिलं होतात. प्रत्येक बिलाचे लिटर आणि रक्कम एका पानावर ओळीने लिहीत गेलात तर फरकाचं पत्रक आल्यावर बेरीज पाच मिनिटांत जुळते. फरकातूनही ठेव किंवा डिबेंचर म्हणून काही रक्कम कापली जाते. ती किती टक्के, किती वर्षांसाठी आणि प्रमाणपत्र कुणाच्या नावाने, हे तिन्ही विचारून त्याच पानावर लिहा.